‘वाईट वाटलं’च्या पोटात काय काय

दुसरी-तिसरीच्या वर्गात गोष्ट सांगून झाली की आपण विचारतो, “मग तिला कसं वाटलं असेल?” उत्तरं दोनच येतात. “छान वाटलं” आणि “वाईट वाटलं.” एखादं धीट पोर “राग आला” म्हणतं, की आपण खूश होऊन पुढच्या पानावर जातो. खेळणं मोडलं तरी वाईट वाटलं, मैत्रीण बोलली नाही तरी वाईट वाटलं, खोटं बोललो तरी वाईट वाटलं. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली गेल्या की मुलाला स्वतःलाही त्या वेगळ्या दिसत नाहीत, आणि समोरच्या बाईंना तर मुळीच नाहीत.

मी वर्गात वापरते तो पाठ या एकाच शब्दावर आहे. पाठ आठवड्याभराचा, गोष्ट एक, नवे शब्द पाच, आणि सोबत भिंतीवरचा एक तक्ता. त्या तक्त्याला आम्ही ‘मनाची हजेरी’ म्हणतो. बऱ्याच ठिकाणी हे उलट्या क्रमाने होतं. आधी रंगीत चेहऱ्यांचा छापील तक्ता भिंतीवर लागतो, त्यावर वीस-पंचवीस भावना असतात, आणि मुलांनी रोज त्यातली एक निवडायची असते. मुलं निवडतात हसरा चेहरा, कारण तो ओळखीचा आहे. बाकीचे शब्द त्यांना कधी भेटलेलेच नसतात. म्हणून माझा एक नियम आहे: जो शब्द गोष्टीत भेटला नाही, तो तक्त्यावर जात नाही. पहिल्या आठवड्यात माझा तक्ता अगदी ओकाबोका दिसतो, तो तसाच दिसू द्यायचा.

गोष्ट मी स्वतःच रचलेली आहे आणि मुद्दाम तशी रचली आहे. आधी ती वाचा.

मिनूने रात्री दादाजवळ बसून कागदाची बोट केली. दोनदा घडी चुकली, तिसऱ्यांदा जमली. बोटीवर तिने निळं शीड रंगवलं. सकाळी सगळी मुलं अंगणातल्या पाण्यात बोटी सोडणार होती. पण सकाळी लख्ख ऊन पडलं. अंगण कोरडं ठक्क. मिनूने बोट दप्तरात ठेवली आणि सुट्टीत ती कोणाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. मिनूची बोट दोन हात गेली आणि दगडाला अडकली. रवीची बोट वळण घेऊन थेट फाटकापर्यंत गेली. “रवीची बोट! रवीची बोट!” सगळे ओरडले. मिनू आपल्या भिजलेल्या बोटीकडे बघत उभी राहिली.

रवीने बोट उचलून आणली आणि पुन्हा सोडली. सगळ्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. मिनूच्या हातात काडी होती. तिने ती हळूच पुढे केली. बोट कलंडली आणि बुडाली. मिनूने काडी पाठीमागे लपवली आणि इकडे तिकडे पाहिलं.

रवी म्हणाला, “वारा केवढा आला!” मग त्याने खिशातून दुसरी बोट काढली. “तुझी भिजली ना? ही घे. माझ्याकडे अजून कागद आहे.” मिनूने बोट घेतली, पण तिला त्याच्याकडे बघवेना.

रात्री पाऊस पडतच होता. दादा केव्हाच झोपला. मिनू या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिली.

गोष्ट इथेच संपते. यात भावनेचा एकही शब्द नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. “मिनूला फार हेवा वाटला” असं वाक्य घालणं सोपं होतं, आणि शब्द शिकवायचे तर गोष्ट शब्दांनी भरली पाहिजे असंच कोणालाही वाटेल. पण जोन पेस्किन आणि जॅनेट अ‍ॅस्टिंग्टन या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांवर याचा एक प्रयोग केला होता, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या गोष्टींत ‘वाटलं’, ‘माहीत होतं’, ‘अंदाज केला’ अशा मनाच्या क्रियापदांची भर घातली होती. दुसऱ्या गटाला त्याच गोष्टी त्या शब्दांवाचून वाचून दाखवल्या. पहिल्या गटातली मुलं ते शब्द जास्त वापरायला लागली खरी. पण पात्राला काय माहीत आहे आणि काय नाही, ते तसं का वागलं, हे समजावून सांगण्यात दुसरा गट पुढे गेला. शब्द आयते मिळाले नाहीत, म्हणून त्या मुलांना चित्रावरून आणि प्रसंगावरून स्वतः अर्थ लावावा लागला होता. तो प्रयोग विचारांच्या शब्दांचा होता, भावनांच्या नव्हे, म्हणून मी त्याला फार ताणत नाही. तरी एक धडा घेतला आहे: आधी मुलांना रिकामी जागा जाणवू द्यायची, शब्द नंतर द्यायचा.

पहिल्या दिवशी पस्तीसेक मिनिटं लागतात. गोष्ट एकदा न थांबता वाचायची. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी थांबायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे: “मिनूच्या आत काय चाललंय?” आणि “कशावरून?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. “वाईट वाटलं” यावर “कशावरून?” विचारलं की मूल गोष्टीत परत जातं. “ती कोणाशी बोलली नाही.” “तिने काडी लपवली.” मुलं म्हणतील ते तसंच्या तसं फळ्यावर लिहायचं, सुधारायचं नाही. पाच थांबे संपले की फळ्यावर बहुतेक वेळा चार ठिकाणी ‘वाईट वाटलं’ लिहिलेलं असतं. मग मी खडू खाली ठेवते आणि विचारते, “हे वरचं वाईट आणि हे खालचं वाईट, दोन्ही सारखीच का?”

वर्ग इथे खरा जागा होतो. “वरचं नुसतं वाईट आहे, खालचं पोटात दुखतं तसं आहे,” असं एक मुलगी म्हणाली होती. दुसऱ्याचं म्हणणं, “वरती तिची चूक नाही, पावसाची चूक आहे.” हा फरक मुलांनी आपल्या तोंडाने सांगितला की त्या जागी शब्द ठेवायचा. पहिल्या दिवशी फक्त दोन: हिरमुसणं आणि हेवा. पाचही एकदम दिले तर उरतात फक्त फळ्यावर.

शब्दाचा अर्थ शब्दकोशातला द्यायचा नाही. “हिरमुसणं म्हणजे निराश होणं” असं सांगितलं तर एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द आला, एवढंच. मी असं सांगते: “एखाद्या गोष्टीची आपण खूप वाट पाहतो आणि ती होतच नाही, तेव्हा तोंड एवढंसं होतं, खेळायला नको वाटतं. त्याला म्हणतात हिरमुसणं.” हेव्यासाठी: “दुसऱ्याला काहीतरी मिळतं, ते आपल्यालाही हवं असतं, आणि त्याला मिळालं हेच आत टोचत राहतं.” यानंतर लगेच दोन-तीन छोटे प्रसंग सांगायचे आणि मुलांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. त्यातला एक तरी प्रसंग चकवणारा हवा. “ताईची नवी सायकल पाहून मला फार आवडली, मी तिच्याबरोबर चक्कर मारून आले. हा हेवा का?” अर्धा वर्ग हो म्हणतो, अर्धा नाही. या वादावादीत शब्दाच्या कडा घासून नीट होतात. नुसत्या होकारार्थी उदाहरणांनी ते होत नाही. शब्द कुठे लागू पडत नाही हे कळेपर्यंत तो पुरता कळलेला नसतो.

दुसऱ्या दिवशीपासून वीसेक मिनिटं पुरतात. हा दिवस काडीच्या परिच्छेदाचा. बोट बुडाल्यावर मिनूला कसं वाटलं, या प्रश्नाला काही मुलं बेधडक सांगतात, “मजा आली!” सवयीने आपण लगेच “असं वाटणं बरोबर आहे का?” म्हणतो, आणि मग वर्ग बाईंना हवं ते बोलायला लागतो. तसं करू नका. गेर्ट्रुड नुनर-विंकलर आणि बेआटे झोडियान यांचा 1988 सालचा अभ्यास याच उत्तराबद्दल आहे. दुसऱ्याची वस्तू चोरणाऱ्या पात्राला कसं वाटेल, असं विचारल्यावर चार वर्षांची बहुतेक मुलं म्हणाली, त्याला आनंद होईल, हवं ते मिळालं ना! आठ वर्षांच्या मुलांपैकी बहुतेकांनी सांगितलं, त्याला वाईट वाटेल. चोरी करू नये हे लहानांनाही ठाऊक होतं. वागणं चूक असतं हे कळणं आणि चूक करणाऱ्याच्या मनात काय होतं हे कळणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्या वर्गातली मुलं वयाने आठच्या आसपासची, तरी सगळीच दुसऱ्या पायरीवर पोचलेली नसतात. त्यामुळे ‘मजा आली’ हे उत्तर फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, “मजा आली असेल तर काडी का लपवली?” बस. इथे धाकधूक हा शब्द आपसूक येतो. मुलं छातीवर हात ठेवून दाखवतात.

तिसऱ्या दिवशी मिनूला बाजूला ठेवून रवीकडे जायचं. “बोट बुडाल्यावर रवीला कसं वाटलं?” उत्तर ठरलेलं: “त्याला मिनूचा राग आला.” आता रवीला तर वारा आला असं वाटतंय! लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घेऊन फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात अगदी हेच दिसलं होतं. पांघरुणात आजी नसून लांडगा आहे हे त्या मुलीला माहीत नाही, असं मुलं बरोबर सांगत होती; पण दार वाजवताना तिला कसं वाटत होतं, असं विचारलं की यातलीच बरीच मुलं म्हणत, तिला भीती वाटत होती. लांडगा मुलांना माहीत आहे, म्हणून भीती मुलांची, आणि ती त्यांनी तिच्या अंगावर घातली. दुसऱ्याला काय माहीत आहे हे कळल्यावरही, त्यावरून त्याला काय वाटेल हे कळायला आणखी काही काळ जावा लागतो.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. एका मुलाला रवी करायचं आणि काडीच्या परिच्छेदाच्या वेळी वर्गाबाहेर उभं करायचं. आत मिनू झालेली मुलगी खरोखर काडीने बोट पाडते. मग रवीला आत बोलावून विचारायचं, “काय झालं असेल?” तो खांदे उडवतो. बाकीची मुलं ओरडून सांगायला उतावीळ झालेली असतात, आणि त्या उतावीळपणातच त्यांना कळतं की आपल्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही. त्यानंतर “रवीला कसं वाटलं?” विचारलं की उत्तरं बदलतात. “बोट गेली म्हणून तो हिरमुसला” असं कोणी म्हणालं, तर पहिल्या दिवशीचा शब्द दुसऱ्या पात्रावर बसला, हे टिपून ठेवायचं.

आता रवीने दुसरी बोट दिली त्या ठिकाणी यायचं. ओशाळणं हा शब्द मुलांना अवघड जाईल असं वाटतं. पण “तिला त्याच्याकडे बघवेना” हे वाक्य त्यांना इतकं ओळखीचं असतं, की शब्द चटकन चिकटतो. चौथ्या दिवसाचा शब्द रुखरुख, आणि हा मात्र जड आहे. धाकधूक, ओशाळणं आणि रुखरुख ही तिन्ही एकाच काडीपासून निघालेली, त्यामुळे मुलं त्यांची सरमिसळ करतात. ती सोडवायला मी एकच प्रश्न विचारते: “समजा मिनूला पक्कं कळलं की कोणीच पाहिलं नाही आणि कोणाला कधीच कळणार नाही. मग यातलं काय जाईल आणि काय राहील?” मुलं विचार करतात, अगदी नखं कुरतडत करतात. धाकधूक जाईल यावर सगळ्यांचं एकमत होतं. ओशाळणं जाईल, पण रवी समोर आला की परत येईल, असं एकाने बजावून सांगितलं. रुखरुख राहील. हे त्यांनी सांगितलं की शब्द समजावून द्यायचं काम उरतच नाही.

गोष्ट अर्धवट का ठेवली, असं मुलं पहिल्या दिवसापासून विचारत असतात. “तिने रवीला सांगितलं का?” पाचव्या दिवशी शेवट मुलांनी करायचा, चित्रात किंवा चार ओळींत. अट एवढीच की आठवड्यातल्या शब्दांपैकी एक तरी त्यात हवा. सांगितलं असाच शेवट करा, असा आडूनही इशारा द्यायचा नाही. एका मुलाच्या शेवटात मिनूने काहीच सांगितलं नव्हतं. ती रोज रवीसाठी एक बोट करून त्याच्या दप्तरात गुपचूप टाकत होती आणि रवी हैराण झाला होता. मला तो शेवट फार आवडला.

आता तक्ता. तो सोमवारपासून भिंतीवर असतो, पण त्यावर मी फक्त चार चौकोन काढलेले असतात. ही मांडणी जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने 1980 साली मांडलेल्या नकाशावरून घेतली आहे. त्याने भावना दोन रेषांवर मांडल्या: एक रेषा सुखद ते नकोसं, दुसरी अंगातल्या ऊर्जेची. मुलांसाठी मी ते दोन प्रश्नांवर आणलं आहे. “बरं वाटतंय की नकोसं?” याने डावी-उजवी बाजू ठरते. “अंगात जोर आहे की अंग गळल्यासारखं आहे?” याने वरखाली ठरतं. शब्द सापडला नाही तरी चौकोन सापडतो, हा याचा मोठा फायदा. चौकोनांना मी रंग देत नाही. एकाला लाल आणि एकाला हिरवा दिला की दोन दिवसांत मुलं “तो लालमध्ये गेला” असं चुगली केल्यासारखं सांगायला लागतात. चेहरेही लावत नाही. एकच भावना वेगवेगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर वेगवेगळी दिसते, कधी दिसतही नाही. चेहऱ्यावरून भावना ओळखण्याच्या या मर्यादांवर लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली मोठा आढावा लिहिला आहे. ओशाळलेलं मूल पुष्कळदा हसत असतं, हे तर आपण रोज पाहतो.

शुक्रवारी पाचही शब्द पट्ट्यांवर लिहून वर्गासमोर तक्त्यावर लावायचे, आणि कुठे लावायचे हे मुलांनी ठरवायचं. हिरमुसणं खाली, नकोसं-गळल्यासारखं या चौकोनात, यावर वाद होत नाही. धाकधूक वर. हेव्यावर मात्र दर वर्षी भांडण होतं. “हेवा वाटला की धावून जावंसं वाटतं” आणि “हेवा वाटला की कोपऱ्यात बसावंसं वाटतं” असे दोन पक्ष पडतात. मी पट्टी दोन्ही चौकोनांच्या मधल्या रेषेवर लावते आणि सांगते की दोघांचंही खरं आहे.

रोजची हजेरी पाच मिनिटांची. मुलं वर्गात येता येता आपल्या नावाचा चिमटा तक्त्यावर लावतात. रांग लावू नका. रांगेत पुढच्याचं पाहून मागचा लावतो आणि एका ओळीत दहा चिमटे एकाच ठिकाणी जमतात. मुलं तीन-तीनच्या गटात, बाकी कामं चालू असताना उठतात. माझाही एक चिमटा आहे आणि तो मी खोटा लावत नाही. डोकं दुखत असेल तर खालच्या चौकोनात लावते, चार शब्दांत सांगते आणि पुढच्या कामाला लागते.

तक्त्याच्या बाजूला तीन जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. एक ‘आज सांगायचं नाही’. ही जागा नसेल तर तक्ता म्हणजे रोजची सक्तीची जबानी होते, आणि मुलं त्यातून सुटायला ‘आनंदी’चा आसरा घेतात. दुसरी ‘कळत नाही’. तिसरी शरीराची: भूक लागली, झोप आली, दुखतंय. ही तिसरी जागा मी नंतर जोडली. सकाळच्या ‘नकोसं’ चौकोनातले कितीतरी चिमटे प्रत्यक्षात अपुऱ्या झोपेचे असतात; त्यांना भावनेचं नाव चिकटवलं तर मूल पुढेही पोटातली भूक आणि मनातला राग यांचा गोंधळ करत राहतं.

मग त्या चिमट्यांचं बाईंनी काय करायचं? सगळ्यांसमोर जवळजवळ काहीच नाही. “का गं, काय झालं?” हा प्रश्न तक्त्यापाशी विचारायचाच नाही. ‘छान’ चौकोनातल्यांना शाबासकीही द्यायची नाही. सगळा वर्ग पंधरा दिवसांत ‘आनंदी’वर जाऊन बसला असेल, तर कारण बहुतेक वेळा तक्त्यात नसून बाईंच्या चेहऱ्यात सापडतं. हसऱ्या चिमट्यांकडे बघून आपण हसतो, आणि मुलांना ते लगेच कळतं. मी नजर फिरवते, मनात नोंद करते आणि दिवसभरात त्या मुलाजवळून जाताना हळूच एखादं वाक्य बोलते: “तुझा चिमटा पाहिला. हवं तर सांग.” नव्वद टक्के वेळा मूल काही सांगत नाही आणि तेवढ्यावर काम भागतं.

चिमटा बरेच दिवस एकाच ठिकाणी राहिला, तर मात्र पाहावं लागतं. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा चिमटा रोज सकाळी बऱ्या चौकोनात असे आणि मोठ्या सुट्टीनंतर तो स्वतः उठून ‘राग’वर नेई. सुट्टीनंतर तो कोणाला तरी ढकलायचाही. त्यामुळे सगळ्यांच्या लेखी तो रागीट. त्या वर्षी तक्ता मिनूच्या आठवड्याआधीच भिंतीवर लागला होता; ‘राग’ ही पट्टी आधीच्या एका गोष्टीतून आलेली होती आणि नकोशा बाजूला तोवर तेवढी एकच होती. मिनूचा आठवडा झाल्यावर दोन-तीन दिवस तो तक्त्यापुढे जरा जास्त वेळ रेंगाळायला लागला. मग एक दिवस चिमटा ‘राग’वर लावला, काढला आणि खाली ‘हिरमुसणं’वर नेला. मी त्या वेळी काही बोलले नाही. घरी जायच्या वेळी दप्तर भरताना त्याला म्हटलं, “आज वेगळीकडे लावलास.” तो म्हणाला, “मला टीममध्ये शेवटी घेतात. कधी घेतच नाहीत.” एवढंच. पण ‘राग’ आणि ‘हिरमुसणं’ यांवर करायच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. रागावर मी त्याला शांत बसायला सांगितलं असतं. हिरमुसण्यावर मी खेळाची टीम पाडायची पद्धत बदलली: मुलांनी निवडायच्या ऐवजी चिठ्ठ्या. ढकलाढकली थांबली का? कमी झाली, पूर्ण थांबली नाही. त्याला रागही येत होताच. फक्त तो दुसऱ्या नंबरवर होता.

कधी तक्त्यामुळे मूल एखादी फार गंभीर गोष्ट सांगून बसतं, घरी मार बसतो किंवा कोणी त्रास देतं अशी. तिथे हा पाठ संपतो. खोदून खोदून विचारायचं नाही, “कोणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी जायचं. तक्ता लावण्याआधी ही व्यक्ती कोण हे माहीत नसेल, तर तक्ता एक दिवस उशिरा लावा.

छोटी कुरबुर दुसऱ्या आठवड्यात हटकून होते. शब्द हाती आले की मुलं ते एकमेकांवर फेकतात. “बाई, हिला माझा हेवा वाटतो!” यावर आमचा एक नियम आहे आणि तो मुलांना पटकन कळतो: गोष्टीतल्या पात्रांबद्दल काहीही बोला, स्वतःबद्दल हवं ते बोला, पण वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या मनात काय आहे हे त्यालाच विचारा.

शब्द रुजला की नाही, हे परीक्षेत कळत नाही. ‘जोड्या लावा’मध्ये सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात. मी एक वही ठेवते आणि मुलांनी न विचारता, पाठाबाहेर वापरलेला शब्द तेवढाच तीत टिपते: कोणता शब्द, कुठे, कशाबद्दल. चुकीचा वापरही लिहिते, किंबहुना तो आवडीने लिहिते. “बाई, माझी पेन्सिल हिरमुसली, तिला टोकच नाही,” हे वाक्य त्या वहीत आहे. मूल शब्द नव्या ठिकाणी घालून बघतंय, म्हणजे शब्द त्याचा झाला. तीन आठवड्यांत एखादा शब्द वहीत एकदाही आला नाही, तर तो गेला असं समजून दुसऱ्या गोष्टीतून परत आणते. माझ्याकडे दर वर्षी रुखरुख अशी गळते. तिला दुसऱ्या गोष्टीची गरज लागतेच, आणि त्या गोष्टीत चूक लहान हवी: मांजराला दार उघडायचं राहिलं, एवढीशी.

पुढचा आठवडा ‘मजा आली’चा घ्यायचा. त्याच्याही पोटात बरंच काही आहे: हायसं वाटणं, अभिमान, उत्सुकता, समाधान. नकोशा बाजूला पाच पट्ट्या आणि बऱ्या बाजूला एकच, अशी स्थिती फार दिवस ठेवली तर मुलांना वाटतं की बोलण्यासारखं फक्त वाईटच असतं. गोष्ट निवडताना एवढं बघायचं की पात्राला निदान दोन वेगवेगळ्या तऱ्हांचं बरं वाटलं पाहिजे. हरवलेली वस्तू सापडण्याची गोष्ट त्याला चांगली: सापडण्याआधीची धाकधूक मुलांना आता ठाऊक असते, ती संपल्यावरचं हायसं वाटणं नवं असतं, आणि “मी शोधली!” म्हणतानाचं आणखी वेगळं. थांबे तीन पुरेत.